बाबांच्या इनबॉक्सला एक ओसरी

नोव्हेंबर हा पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, आता ७६ वर्षांचे आहेत. दर नोव्हेंबरात ते बँकेत जातात, यादीतल्या आपल्या नावापुढे सही करतात आणि येताना मंडईतून भाजी घेऊन येतात. गेल्या वर्षी सही करून आठवडा झाला होता, तेव्हा त्यांच्या फोनवर एक ईमेल आला. पाठवणाऱ्याचं नाव होतं Jeevan Pramaan Pension Cell. विषयात लिहिलं होतं, पेन्शन थांबवली आहे, हयातीचा दाखला मिळालेला नाही. खाली एक मोठं निळं बटण.

बाबांनी ते दाबलं. उघडलेल्या पानावर नाव भरलं, जन्मतारीख भरली, पीपीओ नंबर भरला. खात्याचा नंबर मागितला तेव्हा ते पासबुक आणायला उठले आणि तेवढ्यात माझा फोन गेला. "थांब गं जरा, पेन्शनचं काहीतरी अडकलंय," ते म्हणाले. पासबुक हातात यायच्या आधी आमचं बोलणं झालं म्हणून पैसे वाचले. नाहीतर काय झालं असतं याचा विचार मला आजही करवत नाही.

त्या शनिवारी मी गावी गेले आणि त्यांच्या जीमेलवर एक नियम लावला. तो काय आहे, कसा लावायचा, कुठे फसतो आणि कुठे कमी पडतो, हे इथे सांगते. लागतो तो एक कॉम्प्युटर आणि बाबांबरोबर बसायला एक सकाळ. कॉम्प्युटर यासाठी, की जीमेलच्या मोबाईल ॲपमध्ये हे नियम बनवताच येत नाहीत.

## बाबांना नेमकं काय दिसलं?

फोनवर ईमेलची यादी उघडली की पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, पत्ता दिसत नाही. नाव मात्र ज्याला जे हवं ते लिहिता येतं. पाकिटाच्या मागे "प्रेषक: जिल्हाधिकारी" असं कोणीही लिहून पेटीत टाकावं आणि पोस्टमनने ते निमूटपणे दारात आणून द्यावं, तसंच हे. कॉम्प्युटरवर मी तो मेल उघडला तेव्हा त्या भारदस्त नावामागे फुकट मिळणाऱ्या ईमेल सेवेवरचा पत्ता होता, वीसेक अक्षरं आणि आकड्यांचा, कोणालाही वाचता न येणारा.

म्हणजे बाबा गाफील नव्हते. ज्यावरून खरंखोटं ठरतं तो पत्ता त्यांच्या पडद्यावर आलाच नव्हता. "बाबा, तुम्ही नीट बघत जा" असं कितीही वेळा सांगितलं तरी जे दिसत नाही ते बघणार कसं? म्हणून बघायचं काम त्यांच्या डोळ्यांवरून काढून इनबॉक्सच्या दारावर द्यायला हवं.

हे काम जी गोष्ट करते तिला जीमेल Filter म्हणतं. मी चाळणी म्हणेन. चाळणी म्हणजे आपण एकदा लिहून ठेवलेली अट आणि त्या अटीत बसणाऱ्या मेलचं पुढे काय करायचं याची सूचना. मेल आला की ती आपोआप लागू होते.

## चोरांची यादी की आपल्या माणसांची?

माझा पहिला विचार चुकला. मला वाटलं, घातक शब्द अडवावेत: KYC, refund, suspended, lottery. पंधरा-वीस शब्दांची चाळणी केली. चार दिवसांत बँकेचा खरा मेल तिच्यात अडकला, कारण खऱ्या बँकेलाही केवायसीबद्दल कळवावं लागतं. आणि एक खोटा मेल सरळ आत आला, कारण त्यातला सगळा मजकूर चित्राच्या रूपात होता. चाळणी अक्षरं वाचते, चित्रातली अक्षरं तिच्या कामाची नाहीत.

मग उलटा हिशेब केला. बाबांना खरोखर कामाचे मेल कोण पाठवतं? आम्ही दोघी बहिणी, दोन भाचे, त्यांचे चार निवृत्त सहकारी, बँक, वीजबिल, गॅस, आयकर खातं, डोळ्यांचा दवाखाना, एक मासिक. वहीत लिहायला बसलो तर सव्वीस पत्ते झाले. चोरांची यादी रोज वाढते, आपल्या माणसांची वहीच्या एका पानावर मावते. म्हणून नियम असा ठरला: वहीतली माणसं थेट आत. बाकी सगळे ओसरीवर बसतील.

ओसरी हा शब्द बाबांचा. जुन्या घरात अनोळखी माणसाला कोणी हाकलून देत नसे, पण तो माजघरातही येत नसे. ओसरीवर बसायचा, पाणी मिळायचं आणि घरातलं कोणी येऊन "आपण कोण?" विचारायचं. जीमेलमध्ये आम्ही 'ओसरी' नावाचं लेबल केलं. लेबल म्हणजे मेलवर लावलेली चिठ्ठी, जिच्यावरून तो वेगळ्या कप्प्यात दिसतो. ओसरीवरचा मेल पुसला जात नाही, इनबॉक्समध्ये येत नाही आणि मुख्य म्हणजे फोन वाजवत नाही. घाईघाईत बटण दाबलं जातं ते बऱ्याचदा त्या "टिंग"मुळे.

## आधी घर झाडून घ्या

नवीन चाळणी करण्याआधी जुन्या बघा. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून वर उजवीकडच्या चाकावर टिचकी मारा, `See all settings` निवडा आणि `Filters and Blocked Addresses` हे पान उघडा. ज्येष्ठांच्या खात्यात ते बहुतेक रिकामं असतं. आपण न केलेली चाळणी तिथे दिसली, विशेषतः बँकेचे मेल पुसणारी किंवा भलत्याच पत्त्यावर पाठवणारी, तर कोणीतरी आधीच आत येऊन गेलंय असं समजा. पासवर्ड हाती लागला की भामटे हेच करतात: पैसे गेल्याची सूचना खातेदाराला दिसूच नये म्हणून ती वाटेतच गायब करतात. शेजारचं `Forwarding and POP/IMAP` पानही तपासा. तिथे अनोळखी पत्ता असेल तर तो काढा, पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची ओळखपडताळणी सुरू करा आणि बँकेला कळवा. चाळणीचं काम त्यानंतर.

## वहीतली यादी

यादी करताना आठवणीवर जाऊ नका, नावांवर तर मुळीच नाही. इनबॉक्समधला त्या माणसाचा जुना, खात्रीचा मेल उघडा, नावाखालच्या छोट्या बाणावर टिचकी मारा आणि तिथला पूर्ण पत्ता वहीत उतरवा. त्याच जागी `mailed-by` आणि `signed-by` अशा दोन ओळी दिसतात. दुसरी ओळ म्हणजे पाकिटावरची लाख. ज्या संस्थेच्या नावाने मेल आलाय तिनेच तो पाठवल्याची खूण. बँकेच्या मेलमध्ये या ओळीत बँकेचाच पत्ता असायला हवा.

पूर्ण पत्ता का? कारण जीमेलचा `from:` हा शोध पत्त्याबरोबर पाठवणाऱ्याचं नावही बघतो. यादीत नुसतं बँकेचं नाव लिहिलं तर ते नाव धारण करून आलेला भामटाही ओळखीचा ठरेल.

बँकांच्या पत्त्यांबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना सांगितलं, की ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं `.bank.in` या शेपटीखाली आणा. ही शेपटी बँकांसाठीच राखीव आहे, ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. पण पत्ता उजवीकडून वाचायची सवय हवी. `sbi.bank.in` मध्ये शेवट `.bank.in` आहे. `sbi-bank.in` मध्ये टिंबाच्या जागी आडवी रेघ आहे आणि असं नाव कोणालाही विकत घेता येतं. `bank.in.update.example` मध्ये ते शब्द आहेत, पण शेवटी नाहीत. बाबांना हे मी कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी शिकवायची सवय असल्यासारखी तीनही पत्त्यांच्या शेपटांखाली लाल रेघ मारली. तो कागद अजून कॉम्प्युटरच्या बाजूला चिकटवलेला आहे.

## नियम लिहिताना

शोधाच्या चौकटीत उजवीकडे आडव्या रेघांचं चिन्ह असतं. ते दाबलं की एक छोटा फॉर्म उघडतो. त्यातल्या `Has the words` या रकान्यात असं लिहायचं (इथले पत्ते नमुन्याचे आहेत, आपल्या वहीतले घाला):

```
-from:(mulgi@example.com OR bhacha@example.net OR alerts@example.org)
```

सुरुवातीची वजाबाकीची खूण म्हणजे "यांच्याकडून नाही ते". `OR` मोठ्या अक्षरांतच हवं.

आता लगेच चाळणी बनवू नका. आधी `Search` दाबा. जीमेल आजवरचे असे सगळे मेल दाखवेल जे ओसरीवर गेले असते. ही यादी बाबांबरोबर बसून सावकाश वाचा. आमच्या वेळी त्यात वीजबिल निघालं, कारण बिलाचा मेल एका पत्त्यावरून येत होता आणि पैसे भरल्याची पावती दुसऱ्यावरून. मासिकाचंही तसंच. सव्वीसचे एकतीस पत्ते झाले. त्यात बाबांनी स्वतः पाठवलेले मेलही दिसतील, त्यांनी गोंधळू नका. चाळणी येणाऱ्या मेलला लागते.

मग पुन्हा फॉर्म उघडून `Create filter` दाबा. पुढच्या पानावर `Apply the label` पुढे खूण करून 'ओसरी' निवडा. `Skip the Inbox (Archive it)` ला पहिले पंधरा दिवस हात लावू नका. म्हणजे मेल इनबॉक्समध्येच येतात, पण अनोळख्यांवर 'ओसरी'ची चिठ्ठी दिसते. एखाद्या ओळखीच्या मेलवर ती चिठ्ठी दिसली तर पत्ता वहीत आणि नियमात घाला. पंधरा दिवस नवीन कोणी निघालं नाही की चाळणी `edit` करून `Skip the Inbox` सुरू करा. सर्वांत खाली जुन्या मेलना हाच नियम लावायची खूण असते, ती रिकामी ठेवा. नाहीतर वर्षानुवर्षांचा इनबॉक्स एका टिचकीत रिकामा दिसेल आणि घरात हलकल्लोळ होईल.

## बहुतेक जण इथे अडखळतात

जीमेलच्या चाळण्यांना क्रम नसतो. एका चाळणीने "हा आपला माणूस" म्हटलं तरी दुसरी चाळणी थांबत नाही. मेल ज्या ज्या अटीत बसतो त्या सगळ्यांच्या सूचना लागू होतात. म्हणून यादी लांबली तर तिचे दोन तुकडे करू नका. एक चाळणी "घरचे सोडून सगळे ओसरीवर" आणि दुसरी "बँका सोडून सगळे ओसरीवर" अशी केली, तर पहिली बँकांना बाहेर बसवेल आणि दुसरी घरच्यांना. इनबॉक्स ओस पडेल. माझ्या बहिणीने सासऱ्यांच्या खात्यावर हेच केलं होतं, आणि तीन दिवस मेल का येत नाहीत म्हणून ते इंटरनेटवाल्याला फोन करत होते. सगळे पत्ते एकाच ओळीत, एकाच कंसात हवेत.

दुसरं, `Never send it to Spam` ही खूण. नावावरून ती यादीतल्या सगळ्यांना द्यावीशी वाटते. आम्ही ती आम्हा दोघी बहिणी आणि भाच्यांपुरती वेगळ्या चाळणीत दिली, बँकेला नाही. कारण कोणी बँकेचा हुबेहूब पत्ता पाकिटावर लिहून मेल धाडला तर लाख नाही हे जीमेलला कळतं आणि तो मेल सहसा स्पॅममध्ये जातो. ही खूण केली तर "लाख नसली तरी आत सोड" असं आपणच सांगून बसतो.

## "पण स्पॅमचा कप्पा आहेच की!"

आहे, आणि तो चांगलं काम करतो. पण तो कोट्यवधी लोकांसाठी एकच अंदाज बांधतो. लाखो जणांना गेलेला मेल तो ओळखतो. थोड्या पेन्शनरांना पाठवलेला, धड इंग्रजीतला, नव्या कोऱ्या पत्त्यावरून आलेला मेल त्याच्या हातून निसटू शकतो. बाबांचा तो मेल निसटलाच होता. त्यांना कोण ओळखीचं हे फक्त त्यांना ठाऊक आहे.

## "महत्त्वाचं काही अडकलं तर?"

अडकणार. म्हणून मेल पुसायचा नाही, बाजूला ठेवायचा. आमच्याकडे दोन रिवाज आहेत. बाबांनी स्वतः काही मागवलं असेल, म्हणजे रेल्वेचं तिकीट किंवा एखाद्या नव्या ठिकाणचा ओटीपी, तर ते स्वतः ओसरीवर जाऊन बघतात. आपण बोलावलेला पाहुणा बाहेर बसलाय हे त्यांना माहीत असतं. बाकीच्यांसाठी रविवारी सकाळी फोनवर आम्ही दोघं ओसरी चाळतो.

मला ती इथून दिसावी म्हणून त्यांनी `Accounts and Import` मधल्या `Grant access to your account` मधून मला परवानगी दिली आहे. त्यामुळे त्यांचा पासवर्ड मला लागत नाही आणि मला तो बदलताही येत नाही. मात्र त्यांचे सगळेच मेल मला वाचता येतात आणि त्यांच्या नावाने पाठवताही येतात. ही लहान गोष्ट नाही. आधी त्यांना हे स्पष्ट सांगितलं. दोन दिवस विचार करून ते हो म्हणाले. नाही म्हणाले असते तर रविवारी त्यांनी विषय वाचून दाखवले असते आणि काम तेवढ्यावरही भागलं असतं.

## "बाबांना अपमान वाटला नाही?"

वाटला असता, मी गुपचूप केलं असतं तर. यादी त्यांच्या हस्ताक्षरात आहे, ओसरी हे नाव त्यांचं आहे आणि कोणाला आत घ्यायचं हा निर्णयही त्यांचाच. पडद्यावर टाईप करण्यापुरती मी.

## चाळणी कुठे कमी पडते

यादीतल्या माणसाचंच खातं चोरलं गेलं तर चाळणी काही करू शकत नाही. पत्ता खरा, लाखही खरी. भाच्याच्या पत्त्यावरून "आजोबा, अडचणीत आहे, पैसे पाठवा" असा मेल आला तर तो थेट माजघरात येईल. म्हणून आमच्या घरात पैशांचं काही मेलवरून ठरत नाही. मेल घरच्याचा असेल तर त्या माणसाला फोन करायचा, बँकेचा असेल तर पासबुकावरच्या नंबरवर. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर कधीच नाही.

कॅलेंडर ही आडवाट आहे. निमंत्रणाच्या रूपात आलेला खोटा निरोप इनबॉक्सला वळसा घालून थेट तारखेवर जाऊन बसतो आणि वेळ झाली की वाजतो. गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये `Add invitations to my calendar` पुढे `Only if the sender is known` निवडा. तसंच, फाईल वाटून घेण्याच्या सेवांकडून येणारे आपोआप मेल यादीत घेऊ नका. पाठवणारी सेवा खरी असते, पण तिच्यातून फाईल कोणीही धाडू शकतं.

व्हॉट्सॲप, एसएमएस आणि फोनवरून "डिजिटल अरेस्ट"ची धमकी देणारे यांना ही चाळणी शिवतही नाही. त्यांच्यासाठी फोनशेजारी १९३० हा नंबर लिहून ठेवा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी तो देशभर एकच आहे. पैसे गेलेच तर पहिल्या तासातच लावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते.

आउटलुक वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे. तिथे `Junk email` च्या सेटिंगमध्ये विश्वासातल्या पाठवणाऱ्यांची यादी तयारच असते, आणि फक्त तिच्यावरच भरवसा ठेवायची सोयही आहे. यादी करायची पद्धत तीच, वही घेऊन.

आमच्या चाळणीने एकदा खरोखर चूक केली. मार्चमध्ये एक मेल दोन दिवस ओसरीवर पडून होता. रविवारी मी विषय वाचला: "सर, मी १९९४ ची सातवी ब". बाबा फोनवर गप्प झाले, मग म्हणाले, "वाच." नाशिकच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या त्यांच्या विद्यार्थ्याने शोधून काढून पत्र लिहिलं होतं. त्यात बटण नव्हतं, लिंक नव्हती, पैशांचा विषय नव्हता. शाळेच्या पाठीमागच्या विहिरीची आणि बाबांच्या सायकलची आठवण होती, जी परक्याला ठाऊक असणं शक्य नाही. "दोन दिवस बाहेर बसवला त्याला आपण," बाबा म्हणाले. मग वहीचं पान उलटल्याचा आवाज आला, आणि पत्ता एकेक अक्षर सांग म्हणाले.